बिघाड कळवणारा मेल

वेबसाइटमधला बिघाड, म्हणजे बग, डेव्हलपरला कळवणाऱ्या मेलचे काम एकच असते. वापरणाऱ्याच्या पडद्यावर जे घडले, ते डेव्हलपरला स्वतःच्या पडद्यावर घडवून पाहता आले पाहिजे. बिघाड डोळ्यांसमोर आला की त्याचे कारण शोधणे हे डेव्हलपरचे रोजचे काम आहे, आणि ते त्याला जमते. बिघाड दिसलाच नाही, तर मात्र शोधायचे कुठे हेच ठरत नाही. मेलमध्ये पायऱ्या, उपकरण, स्क्रीनशॉट आणि अपेक्षित निकाल या चार गोष्टी मागितल्या जातात, त्या एवढ्याचसाठी.

एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. समजा, एका प्रकाशनसंस्थेने दिवाळी अंकाची मागणी नोंदवण्यासाठी साइट केली आहे. अंकाची किंमत ३५० रुपये. मागणीच्या पानावर नाव, पत्ता आणि किती प्रती हव्यात, असे रकाने आहेत. प्रतींचा आकडा लिहिला की खाली एकूण रक्कम दिसते आणि ‘पैसे भरा’ हे बटण सुरू होते. एका वाचनालयातील कर्मचारी फोनवरून दोन प्रती मागवायला जातात. रकमेच्या जागी 700 दिसायला हवे, तिथे `₹NaN` अशी अक्षरे उमटतात आणि बटण फिकेच राहते.

पहिला मेल बहुधा असा जातो: ‘तुमची वेबसाइट चालत नाही. कालपासून प्रयत्न करत आहे. कृपया त्वरित दुरुस्त करावी.’ यातले एकही वाक्य खोटे नाही, पण उपयोगाचेही एकही नाही. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर साइट उघडतो, प्रतींच्या रकान्यात 2 लिहितो, एकूण 700 दिसतात, बटणही सुरू होते. तो उत्तर पाठवतो, ‘आमच्याकडे व्यवस्थित चालते आहे, पुन्हा करून पाहावे.’ वाचनालयात पुन्हा करून पाहिले जाते, पुन्हा तेच होते. दोन्ही बाजू खरे बोलत असताना मेलांची ये-जा सुरू राहते आणि दिवाळी जवळ येते.

ही कोंडी फुटते ती पायऱ्यांनी. पायऱ्या म्हणजे पान उघडल्यापासून बिघाड दिसेपर्यंत केलेली प्रत्येक कृती, केली त्याच क्रमाने. ‘फॉर्म भरला’ ही पायरी नव्हे. तिच्यात सात-आठ कृती दडलेल्या असतात आणि बिघाडाचे मूळ नेमके त्यांतल्याच एखादीत असते. पान कुठून उघडले, कोणत्या रकान्यात काय लिहिले, कोणते बटण दाबले आणि त्यानंतर काय दिसले, हे वेगवेगळे लिहायचे. लॉग-इन केलेले होते की नाही, हेही सुरुवातीलाच सांगायचे, कारण पुष्कळ साइट या दोन स्थितींत वेगळ्या वागतात. रकान्यात जे लिहिले ते अक्षर न बदलता द्यायचे. ‘दोन प्रती लिहिल्या’ आणि ‘प्रतींच्या रकान्यात २ लिहिला’ या दोहोंत वाचणाऱ्याला फरक वाटणार नाही, पण वरच्या उदाहरणात सारे प्रकरण त्या एका फरकावर अडलेले आहे.

नाव आणि पत्ता मराठीत लिहायचा म्हणून फोनवर मराठी कीबोर्ड सुरू होता. प्रतींच्या रकान्याशी आल्यावर तो बदलायचे काही कारण नव्हते, म्हणून आकडाही देवनागरीत उमटला. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर कीबोर्ड इंग्रजी होता, त्यामुळे त्याने लिहिलेला आकडा रोमन होता. माणसाच्या डोळ्याला दोन्ही दोनच. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी चिन्हे आहेत: युनिकोडमध्ये रोमन 2 चा क्रमांक U+0032 आहे आणि देवनागरी २ चा U+0968.

ही गोष्ट कळवणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही. त्याने एवढेच करायचे, की एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहायचे. त्याच फोनवर दुसरा ब्राउझर उघडला, तरी `NaN` आले. म्हणजे ब्राउझरचा दोष दिसत नाही. त्याच फोनवर कीबोर्ड इंग्रजी करून 2 लिहिला, तर 700 आले. मग लॅपटॉपवर मराठी कीबोर्डने २ लिहिला, आणि तिथेही `NaN` आले. या तीन प्रयत्नांना पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि फोन, ब्राउझर, इंटरनेटचा वेग हे सगळे संशयित बाजूला होऊन बोट आकड्याकडे वळते. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या, म्हणजे लॅपटॉप घेऊन इंग्रजीत 2 लिहिला असता, तर ‘फोनवर चालत नाही, लॅपटॉपवर चालते’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्षात पुष्कळ तक्रारी याच चुकीच्या निष्कर्षासह पोहोचतात. म्हणून काय बिघडले याबरोबरच कसे केले तेव्हा बिघडले नाही, हेही मेलमध्ये लिहावे. डेव्हलपरला अनेकदा दुसऱ्या माहितीचाच जास्त उपयोग होतो.

आणखी दोन चाचण्या बहुतेक वेळी कराव्यात. पहिली, इन्कॉग्निटो खिडकीत तेच पान उघडून पाहणे. तिथे आधीच्या भेटीत साठवलेली माहिती नसते आणि ब्राउझरला जोडलेली बहुतेक एक्स्टेन्शन बंद असतात. बिघाड तिथे नाहीसा झाला, तर कारण साइटबाहेर किंवा जुन्या साठ्यात असण्याचा संभव वाढतो. दुसरी चाचणी भारतीय भाषांच्या वाचकांना विशेष लागू पडते. क्रोममध्ये पानाचे आपोआप भाषांतर सुरू असेल, तर ते बंद करून पाहावे. भाषांतर करताना क्रोम पानाच्या आतील मजकुराची मांडणी बदलतो. रिॲक्टसारख्या साधनाने बांधलेल्या साइटला आपण रचलेली मांडणी जागेवर सापडत नाही आणि पान मध्येच कोरे पडते किंवा बटणे प्रतिसाद देत नाहीत. हा बिघाड अनेक वर्षे ठाऊक असलेला आहे, पण भाषांतर सुरू होते हे मेलमध्ये कुणी सांगितलेच नाही, तर इंग्रजी पान पाहणाऱ्या डेव्हलपरला तो कधीच दिसत नाही.

बिघाड दर वेळी येतो की कधी कधी, हे पायऱ्यांनंतर एका वाक्यात सांगावे. ‘पाच वेळा केले, पाचही वेळा आले’ आणि ‘पाचांतून एकदा आले’ या दोन बिघाडांच्या वाटा वेगळ्या असतात. दुसऱ्या प्रकारात नेमकी वेळ फार मोलाची ठरते. सर्व्हरवर प्रत्येक घटनेची नोंद होत असते आणि तिच्यातून एक ओळ शोधायची, तर मिनिट माहीत हवे. सर्व्हरची घड्याळे पुष्कळदा जागतिक वेळेवर लावलेली असतात. ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून सकाळी ११:२० ला घडलेली घटना नोंदीत ०५:५० अशी दिसते. ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द जोडले की घोटाळा टळतो.

उपकरणाची माहिती कशाला लिहायची, साइटला ती आपोआप कळत नाही का, असा प्रश्न पडू शकतो. पूर्वी बरीचशी कळत असे. वापरणाऱ्यांचा माग काढणे अवघड व्हावे, म्हणून २०२३ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम फोनचे मॉडेल आणि अँड्रॉइडची खरी आवृत्ती उघड करत नाही. साइटने मुद्दाम वेगळी विचारणा केली नसेल, तर प्रत्येक फोनची ओळख `Android 10; K` अशी एकसारखीच जाते. त्यामुळे नोंदी पाहून डेव्हलपरला फोन ओळखता येईलच असे नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती मिळते. ब्राउझरची आवृत्ती त्याच्या सेटिंगमध्ये अगदी शेवटी असते, किंवा क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत `chrome://version` लिहिले की समोर येते. ‘नवीनच आहे’ किंवा ‘अपडेट केलेला आहे’ असे लिहिण्यापेक्षा तो आकडा द्यावा.

नुसते ‘क्रोम’ हेही पुरत नाही. भारतात आयफोनवर चालणारा प्रत्येक ब्राउझर, त्याचे नाव क्रोम असो की फायरफॉक्स, ॲपलच्या वेबकिट या इंजिनावरच चालतो. अँड्रॉइडवरच्या क्रोमचे इंजिन वेगळे आहे. दोन्हीकडे चिन्ह तेच दिसते, पण पान रंगवणारी यंत्रणा निराळी असते, म्हणून आयफोनवरच्या क्रोममध्ये दिसलेला बिघाड अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये शोधत बसणे व्यर्थ ठरू शकते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या दुव्यावरून पान उघडले असेल, तर ते त्या ॲपच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे लॉग-इन, फाइल चढवणे आणि पैसे भरणे या गोष्टी वारंवार अडतात. पान कुठल्या दुव्यावरून उघडले, हे पहिल्या पायरीत सांगायचे ते म्हणूनच.

स्क्रीनशॉटबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तो पूर्ण पडद्याचा असावा. बिघडलेला तुकडा कापून पाठवला तर पानाचा पत्ता आणि वेळ या दोन्ही गोष्टी हरवतात. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून, विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि S या कळा दाबून, तर मॅकवर कमांड, शिफ्ट आणि 3 दाबून तो घेता येतो. दुसऱ्या फोनने काढलेला पडद्याचा तिरका फोटो हा शेवटचा उपाय. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले चित्र दाबले जाऊन पुसट झालेले असते, म्हणून मूळ फाइल मेलला जोडावी. चित्रात दिसणारा त्रुटीचा मजकूर मेलमध्ये टाइपही करावा. डेव्हलपर तो मजकूर जसाच्या तसा कोडमध्ये आणि नोंदींमध्ये शोधतो, आणि चित्रातले शब्द तसे शोधता येत नाहीत. बिघाड क्षणभर दिसून नाहीसा होत असेल, तर स्क्रीनशॉटऐवजी पडद्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण अधिक बोलके ठरते.

पडद्यावर कार्डाचा क्रमांक, आधार क्रमांक, ओटीपी किंवा कुणाचा फोन नंबर असेल, तर तो झाकूनच चित्र पाठवावे. झाकण्यासाठी भरीव काळी चौकट वापरावी. फोनमधल्या हायलायटरसारख्या पेनने दोन-तीन वेळा गिरवलेला आकडा काळा दिसतो खरा, पण तो रंग अर्धपारदर्शक असतो आणि चित्राचा उजेड वाढवला की खालचे अंक वाचता येतात.

अपेक्षित निकाल ही चारांतली सर्वांत जास्त वगळली जाणारी गोष्ट. लिहिणाऱ्याला ती उघड वाटते, पण डेव्हलपरला ती उघड असेलच असे नाही. एखादे बटण फिके राहणे हा बिघाड आहे की नियम, हे पानाकडे पाहून ठरत नाही. काही साइट एका ग्राहकाला एकाच प्रतीची परवानगी देतात. तिथे बटण बंद राहणे योग्यच असते. म्हणून ‘काय व्हायला हवे होते’ आणि ‘काय झाले’ ही दोन वाक्ये एकाखाली एक ठेवायची. पुष्कळदा वाद या दोन वाक्यांतच मिटतो.

अपेक्षा लिहिताना उपाय सुचवण्याचा मोह मात्र आवरावा. पुटी या प्रसिद्ध प्रोग्रॅमचे कर्ते सायमन टॅथम यांनी बग कसा कळवावा यावर १९९९ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचा आग्रह असा, की निदान करायचेच असेल तर करावे, पण लक्षणे गाळून नुसते निदान पाठवू नये. ‘तुमचा सर्व्हर मराठी घेत नाही’ असे या उदाहरणात कुणी लिहिले असते, तर डेव्हलपर सर्व्हरच्या मागे लागला असता. बिघाड सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही. तो फोनमधल्या पानातच आहे.

या सगळ्यातून तयार होणारा मेल असा दिसेल:

विषय: मागणीचे पान: प्रतींचा आकडा देवनागरीत लिहिल्यास रक्कम `NaN` दिसते

नमस्कार,

दिवाळी अंकाच्या मागणीच्या पानावर प्रतींचा आकडा देवनागरीत लिहिला की एकूण रक्कम दिसत नाही आणि पैसे भरता येत नाहीत. पानाचा पत्ता: `https://example.com/diwali/order`

पायऱ्या:
१. क्रोममध्ये वरील पत्ता उघडला. लॉग-इन केलेले नव्हते.
२. नाव आणि पत्ता मराठी कीबोर्डने भरला.
३. कीबोर्ड न बदलता ‘प्रती’ या रकान्यात २ लिहिला.
४. रकान्याबाहेर टॅप केले.

अपेक्षित: एकूण रक्कम `₹700` दिसावी आणि ‘पैसे भरा’ बटण सुरू व्हावे. देवनागरी अंक चालणार नसतील, तर तशी स्पष्ट सूचना दिसावी.

प्रत्यक्षात: एकूण रकमेच्या जागी `₹NaN` दिसते. बटण फिकेच राहते. कोणतीही सूचना येत नाही.

पाच वेळा केले, पाचही वेळा असेच झाले. इंग्रजी कीबोर्डने 2 लिहिल्यास रक्कम बरोबर येते. फोनवरच्या फायरफॉक्समध्ये आणि लॅपटॉपवरच्या क्रोममध्येही देवनागरी २ लिहिल्यावर `NaN` येते.

उपकरण: सॅमसंग गॅलेक्सी ए१४, अँड्रॉइड १४, क्रोम १२९. भाषांतर बंद. वेळ: ९ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:२०, भारतीय वेळ.

पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास कळवावे.

मेलमध्ये ‘त्वरित’ हा शब्द नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. विषयाच्या ओळीत पान, कृती आणि परिणाम हे तिन्ही आले आहे. शंभर मेलांच्या यादीतही ही ओळ ओळखू येते, तर ‘वेबसाइटबाबत तक्रार’ हा विषय दहा मेलांचा असू शकतो. त्याच पानावर पिनकोडच्या रकान्याची आणखी एखादी अडचण दिसली असती, तर ती दुसऱ्या मेलने कळवणे बरे. दोन बग दोन वेगळ्या माणसांकडे, वेगळ्या दिवशी जाऊ शकतात, आणि एकाच मेलमधला एक सुटला की दुसराही सुटला असे धरले जाते.

असा मेल हाती आल्यावर डेव्हलपरला तिसऱ्या पायरीशीच कारण दिसते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला मजकुरातून संख्या काढायला सांगितली, की ती फक्त रोमन अंक ओळखते:

```
Number("2")         // 2
Number("२")         // NaN
Number("२") * 350   // NaN
```

`NaN` चा अर्थ ‘ही संख्या नव्हे’. ती एकदा हिशेबात शिरली की पुढची प्रत्येक बेरीज आणि गुणाकारही `NaN` होतो, म्हणून रकान्यातली चूक रकमेत उमटली. सगळ्याच भाषा अशा वागत नाहीत. पायथनमध्ये `int("२")` लिहिले तर निमूटपणे 2 मिळतात. त्यामुळे सर्व्हर पायथनचा असेल, तर तिथली चाचणी यशस्वी होते आणि पानावरचा बिघाड तसाच राहतो. दुरुस्ती एका ओळीची आहे: हिशेबाआधी देवनागरी अंकांचे रोमन अंक करून घ्यायचे. मोबाइल नंबर आणि पिनकोडच्या रकान्यांतही असाच कोड वापरलेला असेल, तर त्याच बैठकीत तेही तपासून होतात.

दोन प्रसंगी मेलचा साचा थोडा बदलतो. पैसे खात्यातून गेले पण मागणी नोंदली गेली नाही, अशा वेळी यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि रक्कम द्यावी. पिन, ओटीपी किंवा कार्डाचा पूर्ण क्रमांक कुणी मागितला तरी देऊ नये. आणि बिघाडामुळे दुसऱ्याची माहिती दिसत असेल, उदाहरणार्थ पत्त्यातला मागणी क्रमांक बदलल्यावर अनोळखी ग्राहकाचे नाव-गाव उघडत असेल, तर एका नोंदीवर थांबावे, आणखी क्रमांक बदलून पाहू नयेत. असा मेल सर्वांना दिसणाऱ्या ठिकाणी न टाकता थेट सुरक्षेची जबाबदारी असलेल्या पत्त्यावर पाठवावा. काही साइट तो पत्ता `/.well-known/security.txt` या फाइलमध्ये देतात. तो सापडला नाही किंवा उत्तरच आले नाही, तर भारतात सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा त्रुटींची माहिती स्वीकारते.

दुरुस्ती झाल्याचे उत्तर आले की त्याच पायऱ्या, त्याच फोनवर, त्याच कीबोर्डने पुन्हा करून पाहाव्यात. जुने पान ब्राउझरच्या साठ्यात राहिलेले असू शकते, म्हणून आधी पान ताजे करून घ्यावे किंवा इन्कॉग्निटो खिडकीत उघडावे. 700 दिसले तर त्याच मेलला एका ओळीचे उत्तर द्यावे. ते आल्याशिवाय अनेक ठिकाणी बगची नोंद बंद केली जात नाही.